स्टँडिंगच्या तिकिटावर सीट नंबर

गेल्या वर्षी नव्हे, त्याच्या आदल्या वर्षीची, म्हणजे ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट. रात्री साडेदहाला पुण्याहून भाचीचा फोन आला. "मामू, झोपलात का? एक पीडीएफ पाठवते, बघून सांगा खरी वाटते का." आवाजावरूनच कळलं की बघून सांगण्याची वेळ निघून गेली आहे. तिने पाच हजार रुपये पाठवले होते आणि आता समोरचा माणूस आणखी मागत होता.

तिकिटं होती कोल्डप्लेची. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होणाऱ्या कार्यक्रमांची विक्री २२ सप्टेंबरला, रविवारी दुपारी बारा वाजता बुकमायशोवर सुरू झाली होती. पोरगी सकाळपासून लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही मांडून बसली होती. रांगेत तिचा नंबर लाखांत लागला. पुढे कंपनीनेच सांगितलं की त्या दिवशी सव्वा कोटीहून जास्त लोक तिकिटासाठी आले होते. आधी १८ आणि १९ तारखेचे दोन कार्यक्रम होते, मागणी बघून त्याच दिवशी २१ तारखेचा तिसरा जाहीर झाला, तोही संपला. आणि तासाभरात परदेशी रीसेल साइट्सवर तीच तिकिटं काही लाखांना दिसायला लागली. बुकमायशोने जाहीर केलं की या साइट्सशी आपला काहीही संबंध नाही, पोलिसांत तक्रारही दिली. तोवर गल्लीबोळातली दुकानं उघडली होती: समाजमाध्यमांवर "दोन तिकिटं जादा आहेत, मेसेज करा" अशी.

घरातल्या मोठ्यांची प्रतिक्रिया ठरलेली होती. आपा म्हणाली, "एवढी शिकलेली, आयटीत नोकरी करते, आणि गाण्याच्या तिकिटासाठी फसली!" हा लेख मी त्या वाक्याच्या विरोधात लिहितोय. आमच्या लहानपणी टॉकीजबाहेर ब्लॅकवाला "पाच का दस" असं पुटपुटत फिरायचा. तो लुटायचा, पण त्याच्या हातातलं तिकीट खरं असायचं. गुलाबी कागद, फाटका कोपरा, शोची वेळ. दिव्याखाली धरलं की कळायचं. आजच्या मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट विकत घेताना मुळात बघायलाच काही नसतं. फसवणूक त्या रिकाम्या जागेत होते, आणि ती जागा आयोजकांनी आणि विक्री करणाऱ्यांनी तयार केलेली आहे.

आता ती पीडीएफ. वर बँडचं चित्र, खाली क्यूआर कोड, तारीख १९ जानेवारी, आणि मजकूर: "फ्लोअर स्टँडिंग, रो ४, सीट १७ आणि १८". दर एका तिकिटाचे बावीस हजार. मूळ किंमत सहा हजार चारशे पन्नास होती, ती मात्र बरोबर लिहिलेली.

मी दोनदा वाचलं तेव्हा कुठे खटकलं. स्टँडिंग म्हणजे उभं राहायचं. तिथे ना रांग असते ना खुर्ची. मैदानावर कठडे लावलेला एक मोठा मोकळा भाग असतो, लवकर येईल तो पुढे. मग सीट १७ आली कुठून? बनवणाऱ्याने दुसऱ्या कुठल्या तरी कार्यक्रमाचा साचा घेतला होता आणि त्यातला रांगेचा रकाना काढायचं विसरला होता. भाची म्हणाली, "मला वाटलं पुढच्या चौथ्या ओळीत उभं राहायला मिळेल." हसू नका. पहिल्यांदा स्टेडियममधल्या कार्यक्रमाला जाणाऱ्याला हे कोण सांगतं?

म्हणून जागांच्या प्रकारांबद्दल जरा सविस्तर सांगतो. स्टेडियम क्रिकेटसाठी बांधलेलं असतं, चारही बाजूंनी मैदानाकडे बघायला. गाण्याच्या कार्यक्रमात मात्र स्टेज साधारणपणे मैदानाच्या एका टोकाला उभं राहतं, त्यामुळे स्टेजच्या पाठीमागचे स्टँड बरेचदा विक्रीला काढतच नाहीत. उरलेल्या गोल भागातली प्रत्येक जागा दोन गोष्टींवरून जोखायची: स्टेजपासून किती दूर, आणि किती तिरकी. विक्रीच्या पानावर दिसते ती किंमत आणि "लेव्हल". लेव्हल म्हणजे फक्त मजला. लेव्हल १ खालचा, ३ वरचा. पण खालच्या मजल्यावर अगदी बाजूला बसलेल्या माणसाला स्टेज कडेने दिसतं, मधे ध्वनियंत्रणेचा मनोरा आला तर अर्धंच दिसतं; आणि वरच्या मजल्यावर स्टेजच्या बरोबर समोर बसलेल्याला माणसं मुंगीएवढी दिसली तरी सगळा देखावा समोर असतो. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मनगटावर दिवे लागणारे पट्टे असतात, गाण्याबरोबर सगळं स्टेडियम रंग बदलतं. तो रंग बघायचा तर उंचावरच बसलेलं बरं. म्हणून महाग तितकं चांगलं हे गणित इथे अर्धंच खरं आहे.

स्टँडिंगचं वेगळंच. स्टेजच्या सगळ्यात जवळ जाण्याची शक्यता तिथे असते, पण शक्यताच. दुपारपासून उन्हात रांग लावणारे पुढे, संध्याकाळी येणारे मागे, आणि मागे पडलेल्याला पुढच्यांची डोकी. माझी भाची जेमतेम पाच फूट. चार तास उभं राहून तिला वर उचललेले मोबाइल दिसले असते. लाउंज नावाचा प्रकार होता, पस्तीस हजारांचा. त्यात पैसे बरेचसे सोयीचे आणि पाहुणचाराचे असतात, स्टेजच्या जवळिकीचे असतीलच असं नाही. आणि कुठल्याही कार्यक्रमात "रिस्ट्रिक्टेड व्ह्यू" असं लिहिलेलं दिसलं तर ती सौम्य सूचना समजू नये. खांब, कठडा किंवा स्टेजचा सांगाडा मधे येणार, हे विकणारा आधीच कबूल करतोय, म्हणजे नंतर तक्रार चालणार नाही.

हे प्रकार समजून घेण्याचा दुसरा फायदा असा की खोटं पकडायला तीच पट्टी हाती येते. अधिकृत पानावरचा नकाशा उघडायचा आणि विकणाऱ्याचं प्रत्येक वाक्य त्यावर ठेवून बघायचं. तो म्हणतो तो स्टँड विक्रीला होता का? त्या स्टँडची मूळ किंमत तीच का? प्रकाराचं नाव तेच का? रीसेल साइट्सवर बरेचदा "कॅटेगरी १", "प्रीमियम" अशी नावं असतात जी मूळ नकाशावर कुठेच नाहीत. हा निष्काळजीपणा नसतो. नाव ढिलं ठेवलं की पुढे कुठलीही जागा देता येते.

कोल्डप्लेचंच एक उदाहरण सांगतो, कारण त्याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. हा बँड प्रत्येक कार्यक्रमाला काही स्वस्त तिकिटं ठेवतो, त्यांना इन्फिनिटी तिकिटं म्हणतात. आपल्याकडे ती साधारण दोन हजारांना होती. ती जोडीनेच घ्यावी लागतात, आणि जागा कुठली हे कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर तिकीट ताब्यात घेतानाच कळतं. आता कुणी डिसेंबरमध्ये "इन्फिनिटी आहे, लेव्हल १, सीट नंबर पाठवतो" म्हणाला, तर त्याच्याशी पुढे बोलण्याची गरजच नाही. जी गोष्ट खुद्द आयोजकाने ठरवून गुपित ठेवलेली आहे ती त्याला ठाऊक आहे.

भाचीच्या पीडीएफमध्ये यापेक्षा मोठी चूक तारखेची होती. मोठ्या कार्यक्रमांत पैसे भरल्यावर लगेच मिळतो तो बुकिंगचा क्रमांक आणि पावती. आत सोडणारी वस्तू, मग ते कुरिअरने येणारं छापील तिकीट असो, मनगटपट्टी असो की अॅपमधला क्यूआर कोड, बरेचदा कार्यक्रम जवळ आल्यावरच दिली जाते. ती कधी आणि कशी मिळणार हे विक्रीच्या पानावर नियमांत लिहिलेलं असतं. म्हणजे तीन महिने आधी जो क्यूआर कोडसकट "तिकीट" दाखवतो, तो अजून जन्माला न आलेल्या मुलाचा फोटो दाखवतोय. तिकीट मिळण्याची तारीख आधी बघा, मग तिकीट बघा.

परदेशी रीसेल साइट्सवरचा प्रकार थोडा वेगळा, पण मूळ तेच. तिथे विकणाऱ्याकडे तिकीट असेलच असं नाही. तो आधी तुमच्याकडून तिप्पट-चौपट पैसे घेतो, नंतर बाजारात स्वस्त मिळालं तर घेऊन देतो, नाही मिळालं तर "क्षमस्व". म्हणूनच विक्री सुरू होण्याआधीसुद्धा तिकिटं "उपलब्ध" दिसतात. जाहिरातीत रांग नाही, सीट नाही, फक्त विभाग लिहिलेला असेल तर हीच शंका घ्यावी. आमच्या अब्बांचं कापडाचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक कितीही पैसे पुढे करो, जो तागा फळीवर नाही त्याचा एक रुपया ते घ्यायचे नाहीत. "हातात नाही ते विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशावर जुगार," असं म्हणायचे. त्या जुगाराला आज व्यवसायाचं नाव आहे.

इथे एक प्रश्न येतो आणि तो भाचीनेही विचारला. "पण मामू, समजा तिकीट खरंच असेल तर? खरा कुणीतरी आजारी पडला असेल, त्याला विकायचं असेल?" असतं तसं. पण खरं तिकीट आणि तुमच्यासाठी खरं तिकीट यात फरक आहे. क्यूआर कोड म्हणजे एक आकडा. तो फाटकावरच्या यंत्रात पहिल्यांदा वाचला गेला की खपला. एकाच खऱ्या तिकिटाचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो. दहातला जो आधी पोचेल तो आत, बाकीचे नऊ जण बाहेर उभे राहून ते तिकीट खरं असल्याचं सिद्ध करत राहतात. म्हणून स्क्रीनशॉट, पीडीएफ, बुकिंगची पावती, अगदी व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवलेलं अॅप, यातलं काहीही पुरावा नाही. पुरावा एकच: विक्री करणाऱ्या अधिकृत अॅपमध्ये हस्तांतराची सोय असेल, आणि त्या माणसाने तिकीट त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात पाठवलं, आणि ते तुमच्या खात्यात दिसलं. छापील तिकीट असेल तर ते हातात, आणि मूळ खरेदीदाराच्या ओळखपत्राची अट आहे का ते नियमांत वाचून. अशी सोयच नसेल तर मी अनोळखी माणसाकडून घेणार नाही. भावाच्या मित्राकडून घेईन, मूळ किमतीला.

पैशांच्या वाटेवर भाचीचं नेमकं काय चुकलं ते सांगतो, कारण ते कुणाचंही चुकेल. त्या माणसाने आधी पाच हजार "टोकन" मागितलं. यूपीआयवर पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. गप्पा मारणारा स्वतःला एका नावाने म्हणवत होता, पडद्यावर नाव भलत्याच कुणाचं होतं. "भावाचं खातं आहे," तो म्हणाला. ती थांबली, पण त्याच वेळी ग्रुपमध्ये तिघाचौघांनी लिहिलं, "मिळालं तिकीट, थँक यू भाई." हे तिघेचौघे बहुतेक तोच होता. टोकन गेल्यावर पीडीएफ आली, आणि पाठोपाठ मागणी: नाव बदलण्यासाठी साडेसहा हजार, तेही परत मिळणारे. हा दुसरा हप्ता फसवणुकीची खूण आहे. खरा विकणारा उरलेली रक्कम मागेल, नवीन शुल्क शोधून काढणार नाही. तिने नकार दिला तर तो म्हणाला, "ठीक आहे, टोकन परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका." तेव्हा ती घाबरली आणि मला फोन केला. बरं केलं. स्कॅन करून पिन टाकली की पैसे जातातच. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

मी तिला फोन ठेवायला लावून आधी १९३० लावायला सांगितलं. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते, पण पहिल्या तासांत फोन बरा, कारण पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी बँकेने ते गोठवले तरच काही हाती लागतं. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरचा यूपीआय आयडी, रक्कम, एवढं जवळ ठेवून बोलायचं. सोबत तिच्या बँकेलाही कळवलं. चॅट पुसून टाकू नको म्हटलं. लाज वाटते म्हणून मुलं आधी तेच करतात. तिचे पैसे मात्र तोवर पुढे गेले होते. क्रेडिट कार्डाने एखाद्या साइटवर पैसे भरले असते तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेण्याचा एक रस्ता तरी राहिला असता. म्हणूनच असा विकणारा कार्ड कधीच घेत नाही.

खऱ्या पानावर पोचण्याचा रस्ताही सांगून ठेवतो. शोध घेतल्यावर सगळ्यात वर येतं ते पान अनेकदा जाहिरात असतं, त्याच्यावर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं. त्यापेक्षा कलाकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावं, दौऱ्याच्या तारखांसमोर तिकिटाचा दुवा असतो, तो दाबावा. आणि पत्त्याची पट्टी वाचावी. in.bookmyshow.com मध्ये पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी bookmyshow.com येतं. त्या नावाच्या मागे किंवा पुढे हायफन लावून "टिकिट्स", "ऑफर" असलं काही चिकटवलेलं असेल तर ते वेगळ्याच कुणाचं तरी दुकान आहे, पाटी कितीही तशीच रंगवलेली असो.

आता माझं मूळ म्हणणं. हे सगळं शिकायचं ओझं तेवीस वर्षांच्या मुलीवरच का? ऑक्टोबर २०२४ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळ्या बाजारावरून अनेक शहरांत छापे घातले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असे नियम करणं हे कायदेमंडळाचं काम आहे, असं सांगून. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण कायदेमंडळाला उदाहरण शोधायला फार लांब जायचं कारण नाही. आयर्लंडने २०२१ मध्येच कायदा केला की ठरवून दिलेल्या मोठ्या स्थळांच्या आणि कार्यक्रमांच्या तिकिटांची मूळ किमतीपेक्षा जास्त दराने फेरविक्री हा गुन्हा.

आणि कायदा येईपर्यंत आयोजकांना हात बांधून बसायची गरज नाही. ज्या अॅपवर तिकीट विकलं त्याच अॅपवर मूळ किमतीला परत घ्या आणि रांगेतल्या पुढच्याला द्या. ज्याला जाता येत नाही त्याचे पैसे सुटतील, ज्याला जायचं आहे त्याला खरं तिकीट मिळेल. विरोधात सांगतात की यातही खर्च आहे आणि दलाल आधी पन्नास खात्यांनी तिकिटं उचलतातच. एका खात्याला चार तिकिटांची मर्यादा होती, तरी उचलली, हे खरं. पण मूळ किमतीलाच विकावं लागणार असेल तर पन्नास खाती उघडून त्याला काय मिळणार? दुसरं, तिकीट कुणाच्या हातात कोणत्या तारखेला पडणार हे पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरात छापा. नियमांच्या अठराव्या कलमात नको. माझ्या भाचीला ती तारीख माहीत असती तर पाच हजार वाचले असते.

थांबणाऱ्याला संधी मिळतेच असं नाही, पण मिळते. नोव्हेंबरमध्ये याच बँडचा अहमदाबादला २५ जानेवारीचा कार्यक्रम जाहीर झाला, मग २६ चाही. स्टेजचा आराखडा पक्का झाल्यावर अडवून ठेवलेल्या जागा मोकळ्या होतात आणि कार्यक्रमाच्या आधी विक्रीला येतात, हेही अनेक कार्यक्रमांत घडतं. भाचीला अहमदाबाद जमलं नाही, सुटी नव्हती. २६ चा कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवला, तो तिने खोलीतल्या मैत्रिणींबरोबर बघितला.

त्याच्या आठवडाभर आधी तिला एका नव्या नंबरवरून मेसेज आला होता. नवी मुंबईची दोन तिकिटं शिल्लक, स्टँडिंग, अर्जंट. तिने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. तिचा प्रश्न होता: "सीट नंबर काय?" खाली उत्तर: "मॅम, सीट बेस्ट आहे, आधी टोकन टाका."